पाळी थांबली होती, दोष निघाला आतड्यात

पाळी लांबतेय म्हणून गायनॅककडे गेलेली बाई एन्डोस्कोपीच्या टेबलावर कशी पोचते हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझं जवळपास एक वर्ष वाचलं असतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

२०२१ च्या मध्यापासून माझी पाळी पुढे सरकायला लागली. आधी तीस-बत्तीस दिवसांनी यायची, मग चाळीस, मग पन्नास, आणि फेब्रुवारी २०२२ ला आली ती शेवटची. तेव्हा वय २७. सोबत दमणूक, केस गळणं, तोंडात सारखे फोड, थोडं पोट फुगणं आणि वजन हळूहळू कमी होणं हेही चालू होतं, पण हे सगळं मी एकत्र कधी मांडलंच नव्हतं, कोण मांडतं? जुलाब अजिबात नव्हते. मला पुढे निघाला तो सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतडं खराब होण्याचा आजार. जुलाबांचं मुद्दाम सांगतेय कारण सिलिअ‍ॅक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर जुलाब आणि हाडकुळं मूल येतं, आणि मोठ्या वयात निदान होणाऱ्या कितीतरी जणांना जुलाब नसतातच, नुसता अ‍ॅनिमिया किंवा माझ्यासारखी पाळीची तक्रार असते.

नियमित पाळी येणाऱ्या बाईची सलग तीन महिने आली नाही, किंवा आधीपासूनच अनियमित असेल आणि सहा महिने आली नाही, तर तपासायला जायचं. मुलीला पंधराव्या वर्षापर्यंत पहिलीच पाळी आली नसेल तरीही जायचं. मी मे २०२२ मध्ये गेले. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट झाली (ती सगळ्यांचीच पहिल्यांदा होते, वाईट वाटून घेऊ नका), थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन झालं, दोन्ही नॉर्मल. सोनोग्राफीत ओव्हरीवर बारीक बारीक फॉलिकल्स दिसली, त्यामुळे पीसीओएस असेल असं सांगून गर्भनिरोधक गोळ्यांची तीन पाकिटं लिहून दिली. हिमोग्लोबिन ९.२ होतं, त्यासाठी आयर्नच्या गोळ्या.

गोळ्यांवर दर महिन्याला रक्तस्राव आला. अगदी वेळेवर. घरात सगळे खूष, मीपण. आता कळतं की ती पाळी नव्हतीच. त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन दोन्ही बाहेरून मिळतात, पाकीट संपलं की ते अचानक थांबतात आणि गर्भाशयाचं अस्तर गळतं. आपल्या ओव्हरीने त्यात काहीच केलेलं नसतं. म्हणजे आतली यंत्रणा बंद असली तरी गोळीवर 'पाळी' येणारच, आणि मूळ कारण काय ते तसंच झाकून राहणार. सप्टेंबरमध्ये गोळ्या थांबवल्या आणि परत सगळं ठप्प, ऑक्टोबर नाही, नोव्हेंबर नाही.

दरम्यान आयर्न रोज न चुकता घेत होते, चहा-कॉफीपासून लांब ठेवून, रिकाम्या पोटी, जसं सांगितलं तसं. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.४. फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह, ६. इतके महिने गोळ्या गिळून काही हलेना म्हणजे एकतर गोळी घेतलीच नाही, किंवा कुठून तरी रक्त जातंय, किंवा ती शोषलीच जात नाहीये. गोळ्यांवरचा तेवढा रक्तस्राव सोडला तर माझी पाळीच बंद होती, त्यामुळे रक्त जाण्याचा सगळ्यात नेहमीचा रस्ताही नव्हता! पाळी येत नसलेल्या बाईचं लोह कमी होत असेल आणि गोळ्यांनी भरत नसेल तर ते कुणीतरी थांबून बघायला हवं. माझ्या बाबतीत ते दुसऱ्या गायनॅक मॅडमनी बघितलं, डिसेंबर २०२२ मध्ये.

या मॅडमनी आधी सगळे कागद तारखेप्रमाणे लावायला लावले. टीप घ्या: रिपोर्ट मोबाइलमध्ये इकडेतिकडे ठेवू नका, एका फाइलमध्ये तारखेने लावा आणि वरच्या पानावर शेवटच्या खऱ्या पाळीची तारीख, वजन कधी किती होतं आणि कुठली गोळी कधीपासून कधीपर्यंत घेतली एवढंच लिहा. त्या एका पानामुळे जितकं काम झालं तितकं माझ्या तोंडी रडगाण्याने कधीच झालं नव्हतं. वजन दीड वर्षात ५२ वरून ४६ वर आलंय हे मलाही ते पान लिहिताना दिसलं.

मग त्यांनी एफएसएच आणि एलएच, म्हणजे मेंदूकडून ओव्हरीला हुकूम देणारे हार्मोन, आणि इस्ट्राडायोल, म्हणजे ओव्हरी बनवते ते इस्ट्रोजेन, करायला सांगितलं. हे गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना करून उपयोग नसतो कारण गोळी हे सगळे आकडे दाबून टाकते, म्हणून शक्य असेल तर गोळी सुरू करायच्या आधीच करून घ्या. शिवाय केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा आणि डॉक्टरांना विचारून आधी काही दिवस बंद ठेवा, बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे काही हार्मोन टेस्ट चुकीच्या येतात. माझा एलएच १.६, एफएसएच ४.१ आणि इस्ट्राडायोल २० पिकोग्रॅमच्याही खाली. सोनोग्राफीत अस्तर जेमतेम ३ मिमी.

मॅडमनी कागदावर मेंदू आणि ओव्हरी काढून दाखवलं. ओव्हरी थकली असती तर मेंदू ओरडून ओरडून एफएसएच वाढवतो, तो खूप वर जातो. पीसीओएसमध्ये इस्ट्रोजेन सहसा इतकं खाली नसतं. माझ्याकडे मेंदूच गप्प होता. शरीरात येणारी ऊर्जा कमी पडली, चरबी घटली की चरबीतून येणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं, आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग गर्भधारणेचं काम स्थगित करतो, ठरावीक अंतराने जे संकेत सोडायचे ते विरळ होतात, एलएच घसरतो, ओव्हरी झोपते. फॉलिकल्स बारीक बारीक दिसणं या प्रकारातही असू शकतं, त्यामुळे नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएसचा शिक्का बसायला नको. खात्रीसाठी त्यांनी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिग्रॅ दहा दिवस दिलं. इस्ट्रोजेनने अस्तर वाढलेलं असेल तर हा कोर्स संपल्यावर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत रक्तस्राव होतो. मला काहीच झालं नाही. एक ठिपकासुद्धा नाही. त्या दोन आठवड्यांत मी किती वेळा बाथरूमला जाऊन बघून आले ते जाऊ दे.

"डाएटिंग करता? खूप व्यायाम? काही टेन्शन?" नाही, नाही आणि हे सोडून नाही. जेवण तर नेहमीसारखंच होतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "खाताय पण पोचत नाहीये, असं असू शकतं. आयर्नही पोचत नाहीये. आपण टीटीजी बघू या."

टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅक शोधायची साधी रक्ताची टेस्ट, उपाशी राहायची गरज नाही. तिच्यासोबत टोटल आयजीए पण करायचंच, हे लक्षात ठेवा. काही जणांच्या शरीरात आयजीए ही अँटीबॉडी मुळातच बनत नाही आणि सिलिअ‍ॅक असणाऱ्यांत असे लोक बाकीच्यांपेक्षा जास्त सापडतात, त्यांची टीटीजी-आयजीए खोटी निगेटिव्ह येते, मग आयजीजी प्रकारातली टेस्ट करावी लागते. माझं टोटल आयजीए नॉर्मल आलं आणि टीटीजी १०० च्या वर, जिथे त्या लॅबची मर्यादा १० होती. जानेवारी २०२३.

आता इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रिपोर्ट हातात आल्याबरोबर घरातल्या प्रत्येकाचं एकच म्हणणं, आजपासून गहू बंद. मलाही तेच वाटत होतं, पोटात विष जातंय म्हणल्यावर कोण खाईल? पण मॅडमनी फोनवर बजावलं, "बायोप्सी होईपर्यंत जसं खाताय तसंच खा. बंद केलंत तर आतडं बरं व्हायला लागेल आणि आम्हाला काहीच दिसणार नाही." पोटाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पाच-सहा आठवड्यांनी होती आणि तो सगळा काळ मी मुद्दाम रोज गव्हाचं खात होते, प्रत्येक घासाला चिडत. माझ्या मावसबहिणीने कुणाच्या सांगण्यावरून टेस्टच्या आधीच सगळं सोडलं होतं, पुढे तिला परत रोज दोन ब्रेडच्या स्लाइसइतकं ग्लूटेन सहा आठवडे खायला लावलं तेव्हा कुठे निदान झालं, आणि ते सहा आठवडे तिचे भयंकर गेले. कुणी आधीच सोडलं असेल आणि परत सुरू करायची हिंमत नसेल तर एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची टेस्ट असते, ती ग्लूटेन बंद असतानाही चालते. पण महाग असते आणि तिचा उपयोग एकाच बाजूने आहे: दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळपास नाहीच असं म्हणता येतं, असतील तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ही जनुकं असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधी सिलिअ‍ॅक होत नाही.

इन्शुरन्सचा किस्सा इथेच. एन्डोस्कोपीसाठी आधी मंजुरी मागितली तर ती परत आली, कारण रेफरल चिठ्ठीवर कारण म्हणून फक्त 'अमेनोरिया', म्हणजे पाळी बंद, एवढंच लिहिलं होतं आणि समोरच्याने ते वंध्यत्वाच्या तपासणीत टाकलं, जे पॉलिसीत बसत नव्हतं. मॅडमनी नवीन चिठ्ठी दिली, 'गोळ्यांना प्रतिसाद न देणारा लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया, टीटीजी पॉझिटिव्ह, सिलिअ‍ॅकची शंका', सोबत दोन रिपोर्ट जोडले, मग मिळाली. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, पण चिठ्ठीवर पहिली ओळ कुठली आहे यावर सगळं ठरतं. अर्ज करायच्या आधी चिठ्ठी वाचून बघा. आणि बायोप्सीचं बिल वेगळ्या लॅबकडून वेगळं येतं, ते विचारून ठेवा नाहीतर क्लेममध्ये जोडायचं राहतं.

एन्डोस्कोपी फेब्रुवारीच्या शेवटी झाली. आदल्या रात्रीपासून उपाशी, सोबत एक माणूस लागतो कारण झोपेचं औषध दिलं की त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, ऑफिसला सुट्टीचा अर्ज आधी टाकून ठेवा. मला घशात स्प्रे मारला आणि हातात इंजेक्शन दिलं, पुढचं फारसं आठवत नाही. आत जायच्या आधी डॉक्टरांना एक विचारलं होतं, बायोप्सीसाठी आतड्याचे तुकडे किती घेणार? डीओडिनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, तिच्या पुढच्या भागातून निदान चार आणि सुरुवातीच्या बल्बमधून एक-दोन घ्यायला हवेत, कारण खराबी सगळीकडे सारखी नसते, एखाद्या तुकड्यात सगळं ठीक दिसू शकतं. ते हसले आणि म्हणाले तेवढेच घेणार आहोत. विचारायला लाजू नका. नंतर दिवसभर घसा खवखवला, बाकी काही नाही.

रिपोर्टला दहाएक दिवस लागले. आतड्याची खराबी मोजायच्या मार्श मोजपट्टीवर ३बी. आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलवर असतात तसे बारीक धागे असतात, विलाय म्हणतात त्यांना, त्यांच्यामुळे शोषायला भरपूर जागा मिळते, ते माझे झिजून बुटके झाले होते. आणि हे सगळ्यात जास्त होतं ते आतड्याच्या सुरुवातीला, जिथे लोह शोषलं जातं. म्हणून आयर्नची गोळी घशाखाली जात होती आणि पुढे काहीच होत नव्हतं. रिपोर्ट वाचून मला रडू आलं, पण त्यात सुटल्यासारखंही होतं, वर्षभर 'टेन्शन घेऊ नका' ऐकलं होतं ना.

सोबत केलेल्या रक्तात व्हिटॅमिन डी ९ आणि फोलेट कमी निघालं. हाडांची डेक्सा टेस्टही सांगितली, कारण इस्ट्रोजेन नाही आणि कॅल्शियम, डी शोषलं जात नाही, म्हणजे हाडांवर दोन्हीकडून मार. मणक्याचा झेड-स्कोअर उणे २.२ आला. पाळी चालू असायच्या वयात टी-स्कोअर बघत नाहीत, झेड बघतात, आणि उणे २ किंवा त्याखाली म्हणजे वयाच्या मानाने कमी. पाळी नाही तर कटकट गेली असं मी मनात म्हणायचे, ते त्या दिवशी बंद झालं.

मार्च २०२३ पासून ग्लूटेन बंद. गहू, बार्ली, राय आणि त्यांच्यापासूनचं सगळं, म्हणजे रवा, मैदा, माल्ट, बरेच सॉस आणि तयार मसाले. लेबलवर 'ग्लूटेन फ्री' म्हणजे २० पीपीएमच्या खाली. ओट्समध्ये गव्हाची भेसळ होते म्हणून पहिले काही महिने तेही नाहीत. घरात बाकीचे गहू खातात, मग माझी वेगळी चाळणी, वेगळं लाटणं, वेगळा टोस्टर. औषधांच्या गोळ्यांमध्येसुद्धा स्टार्च असतो, तो कशाचा आहे ते केमिस्टला विचारायचं. लोह मात्र गोळीने द्यायचंच नाही असं ठरलं, शिरेतून दिलं, आणि जूनपर्यंत हिमोग्लोबिन १२.३ झालं.

मला वाटलं आता आलीच पाळी. नाही आली. जुलैमध्ये मी परत मॅडमसमोर, चेहरा पाडून. त्यांनी सांगितलं की अ‍ॅनिमिया हे पाळी थांबायचं मूळ कारण नव्हतं, तो त्याच आजाराचा दुसरा परिणाम होता, लोह आम्ही सुईने भरलं पण शरीराला ऊर्जा पुरतेय हे मेंदूला पटायचं बाकी आहे. वजन ४७ होतं, म्हणजे चार महिन्यांत फक्त एक किलो. आहारतज्ज्ञांनी तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला लावलं आणि त्यात दिसलं की गव्हाचं गेलं त्या जागी काहीच आलं नव्हतं. हे फार जणींचं होतं म्हणे: काय खाऊ नको याची यादी पाठ होते, बाहेर खायची भीती बसते आणि एकूण खाणंच कमी होतं. मग आतडं बरं होत असलं तरी पाळी अडकूनच राहते. त्यांनी मधल्या वेळचं खाणं ठरवून दिलं, तेल-तूप, दाणे, डाळी वाढवल्या, आणि वजनाच्या आकड्यावर आठवड्याऐवजी महिन्याने नजर टाकायला सांगितलं.

ऑगस्टमध्ये टीटीजी ४१ वर आला होता. इस्ट्राडायोल ३८, अस्तर ६ मिमी. मॅडमना हे माझ्यापेक्षा जास्त आवडलं. त्या म्हणाल्या पाळीच्या आधी बाकीच्या खुणा येतील, कोरडेपणा कमी होईल, काही दिवस पारदर्शक ताणला जाणारा चिकट स्राव दिसेल, म्हणजे इस्ट्रोजेन जागं होतंय. सप्टेंबरमध्ये खरंच तसं दिसायला लागलं. त्यांनी अजून एक सांगितलं जे कुणी सांगत नाही: पहिली पाळी यायच्या दोनेक आठवडे आधी अंडं सुटू शकतं, म्हणजे 'पाळीच नाही तर काय होणार' या भरवशावर राहिलं तर पाळी न येताच गर्भ राहू शकतो. मूल नको असेल तर काळजी तेव्हापासूनच घ्यायची.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पाळी आली, वजन ५० होतं. पोटात दुखलं, दोनच दिवस टिकली. पुढची पंचेचाळीस दिवसांनी, नंतरची छत्तीस. २०२४ च्या उन्हाळ्यापासून बत्तीस-चौतीसवर स्थिरावली आहे. टीटीजी मार्च २०२४ ला १४ आणि त्या वर्षअखेरीस मर्यादेच्या आत. टीटीजी नॉर्मल झाला म्हणजे आतडं पूर्ण बरं झालं असं मात्र नसतं, मोठ्यांमध्ये त्याला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात.

सगळ्यांचं असंच होतं असं समजू नका. ग्लूटेन सोडून, वजन सावरून सहा ते बारा महिने झाले तरी पाळी नाही, तर परत तपासायचं, चुकून ग्लूटेन जातंय का आधी ते, मग थायरॉइड आणि ओव्हरी, कारण सिलिअ‍ॅकसोबत शरीराने स्वतःवरच हल्ला करायचे दुसरे आजारही असू शकतात. तोपर्यंत हाडांसाठी इस्ट्रोजेनचे पॅच द्यायचा विचार डॉक्टर करतात. माझ्या बाबतीतही तो विषय निघाला होता, मग लागले नाहीत. आणि उलट बाजूने, पाळी लांबली म्हणून कुणी आपणहून गहू सोडू नये. बहुतेकींच्या पाळी लांबण्यामागे सिलिअ‍ॅक नसतो, आणि असला तर सोडल्यामुळे तो सापडणार नाही.

आता वर्षातून एकदा टीटीजी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, डी आणि थायरॉइड करते. डेक्सा दोन वर्षांनी, म्हणजे २०२५ ला झाली, मणका उणे १.६. सख्ख्या नात्यातल्यांना धोका जास्त असतो म्हणून आईची आणि धाकट्या बहिणीची टीटीजी करून घेतली. आईची निगेटिव्ह आली. बहिणीला पोटाची कसलीच तक्रार नव्हती, पाळीही वेळेवर होती, आणि तिची पॉझिटिव्ह निघाली. पुढच्या आठवड्यात तिची एन्डोस्कोपी आहे, तोपर्यंत ती गव्हाचं खातेय आणि मी तिची चिठ्ठी वाचून बघितली आहे.